रामनवमीच्या सोहळ्याचे सूत्रसंचालन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच गावांत गुढीपाडव्याला सप्ताह बसतो, नवमीला रामजन्म होतो आणि दुसऱ्या दिवशी काला. या आठ-नऊ दिवसांत निवेदकाला सर्वांत जड जातो तो नवमीचा सकाळचा कार्यक्रम, कारण त्यात सत्कार आहेत, मनोगते आहेत, पाहुणे आहेत, कीर्तन आहे आणि शेवटी बाराचा जन्म आहे. बाकी सगळे मागेपुढे झाले तर चालते, जन्म चालत नाही. म्हणून इथली उत्तरे त्याच एका सकाळपुरती आहेत. उदाहरण म्हणून वाळवा तालुक्यातले कृष्णाकाठचे एखादे मध्यम गाव डोळ्यांसमोर धरले आहे.

वेळापत्रक करायला सुरुवात कुठून करायची?

शेवटाकडून. आधी कमिटीला विचारा की जन्म घड्याळाच्या बाराला करायचा की पंचांगातल्या माध्यान्हीला. बहुतेक गावांत घड्याळात बारा वाजले की गुलाल उधळतात. पण आपल्याकडे चैत्रात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारा ओलांडल्यावर, आणि काही देवळांचे पुजारी तीच वेळ धरतात. पत्रिकेत ‘दुपारी १२ वाजता’ छापलेले असते आणि पुजारीबुवांच्या मनात १२.३५ असतात. हा फरक आदल्या दिवशी मिटला नाही, तर भर मंडपात त्यावरून कुजबूज होते आणि उत्तर द्यायला निवेदकालाच उभे राहावे लागते.

बाराची वेळ पक्की धरून मागे मोजू. रामजन्माच्या कीर्तनाला दोन तास दहा मिनिटे दिली, तर महाराज ९.५० ला नारदांच्या गादीवर उभे राहायला हवेत. त्याआधी सात मिनिटे टाळकरी उभे राहणे, पखवाज लावणे, माइक जुळवणे आणि महाराजांचा परिचय. म्हणजे भाषणे-सत्कार काहीही झाले तरी ९.४३ ला संपलेच पाहिजेत. कार्यक्रम ८.३० ला सुरू झाला, तर आपल्या हातात ७३ मिनिटे आहेत. ती अशी वाटा :

दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन आणि वीणापूजन : ८ मिनिटे
प्रास्ताविक : ५
अन्नदाते आणि पारायणाला बसलेले वाचक यांचा सत्कार : १२
तीन मनोगते, परिचयासह प्रत्येकी ७ : २१
प्रमुख पाहुणे : १०
आभार : २

बेरीज ५८ होते. राहिलेली १५ मिनिटे राखीव. पत्रिकेत ती दाखवायची नाहीत आणि कमिटीतल्या सगळ्यांना सांगायचीही नाहीत, फक्त अध्यक्षांना सांगून ठेवा. राखीव वेळ आहे असे कळले की लगेच त्यात बसवायला कुणीतरी एक मनोगत घेऊन येतोच.

साडेआठचा कार्यक्रम साडेआठला सुरू होतच नाही. मग?

होत नाही हे धरूनच चाला, पण पत्रिकेतली वेळ त्यासाठी मागे-पुढे करू नका. ८.२० ला भजनी मंडळाला दोन अभंग म्हणायला सांगा. माइक चालू असला आणि टाळ वाजत असले की माणसे घरातून निघतात. ‘थोड्याच वेळात कार्यक्रमास सुरुवात होत आहे’ ही घोषणा दहा वेळा केल्याने कुणी निघत नाही. ८.४० पर्यंत प्रमुख पाहुणे आले नाहीत तर दीपप्रज्वलन गावातल्या ज्येष्ठ वारकऱ्याच्या हस्ते करून घ्या. याची परवानगी आदल्या रात्रीच कमिटीकडून घेऊन ठेवावी. ऐनवेळी विचारायला गेलात तर पाच जण पाच बाजूंनी बोलतात आणि त्यातच दहा मिनिटे जातात.

वेळ नक्की कुठे जातो? वक्त्यांवर?

वक्त्यांवर जातो त्याहून जास्त सत्कारात जातो. समजा अठरा जणांचा सत्कार आहे. एकेकाचे नाव घेतले, तो मागच्या रांगेतून उठून आला, चप्पल काढली, शाल-श्रीफळ झाले, फोटोवाल्याने ‘इकडे बघा’ म्हटले, की माणशी एक मिनिट सहज गेले. वर कुणी शेतावर गेलेला असतो, त्याची वाट बघणे वेगळेच. अठरा मिनिटांचा सत्कार असा पंचवीसवर जातो.

सहा-सहांचे तीन गट करा. पहिल्या गटाचा सत्कार चालू असतानाच दुसरा गट स्टेजच्या डाव्या पायऱ्यांपाशी उभा असला पाहिजे. ते काम बघायला एक कार्यकर्ता नेमा, त्याच्या हातात नावांचा कागद द्या. सत्कार करणारे तीन मान्यवर एकाच वेळी दोघा-दोघांना शाल घालतात आणि मग गटाचा एकच फोटो निघतो. एका गटाला तीन-साडेतीन मिनिटे, म्हणजे बारा मिनिटांत काम होते आणि घाई केल्यासारखेही वाटत नाही. निवेदन असे :

‘सात दिवस ज्यांच्या घरून पंगतीचा शिधा आला, ते आपले अन्नदाते आता सत्कारासाठी येत आहेत. पहिल्या सहा जणांची नावे घेतो. नाव ऐकल्यावर डाव्या बाजूने यावे. सहाही जण उभे राहिल्यावर एकदाच टाळ्या देऊ या.’

शेवटचे वाक्य फार उपयोगाचे आहे. प्रत्येक नावानंतर थांबणाऱ्या टाळ्या त्याने वाचतात.

देणगीदारांची लांब यादी मात्र सकाळच्या माइकवर वाचूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती मंडपाच्या दारात फलकावर लावावी, आणि वाचायचीच असेल तर पंगत बसलेली असताना दुसऱ्या कुणीतरी वाचावी. नावे ऐकायला तेव्हा लोकांना सवड असते आणि देणाऱ्यालाही आपले नाव नीट ऐकू येते.

वक्त्याचा परिचय किती मोठा असावा?

चाळीस सेकंद. संथ निवेदनात मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे परिचय सत्तर शब्दांच्या आत बसला पाहिजे. लिहून काढा आणि घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेले नेहमी कमी भरते.

परिचयात तीन गोष्टी पुरतात : या माणसाचा या देवळाशी किंवा सप्ताहाशी काय संबंध आहे, तो आज कशावर बोलणार आहे आणि किती वेळ. पदांची माळ गळ्यात घालू नका. सोसायटी, पतसंस्था, शिक्षण मंडळ, कारखाना अशी सहा पदे वाचली की सातवे राहिल्याचा राग येतो. एकही वाचले नाही तर राग येत नाही, फक्त हा नियम सर्वांना सारखा लावा.

नमुना : ‘यानंतर दोन शब्द बोलतील ते आपल्या गावच्या दिंडीचे विणेकरी, हरिभक्तपरायण अमुक महाराज. आषाढीची वाट त्यांच्या पायाखालची आहे आणि आपल्या पोरांना हरिपाठाची चाल त्यांनीच शिकवली. आज ते सप्ताह पुढच्या पिढीकडे कसा जावा, यावर सहा मिनिटे आपल्याशी बोलतील. महाराज, आपण यावे.’

‘सहा मिनिटे’ हा शब्द सगळ्यांसमोर उच्चारला गेला की वक्ता स्वतःच मनगटाकडे बघतो. हेच त्याला कानात सांगितले असते तर विसरला असता.

प्रास्ताविकाचे वेगळे काय सांगायचे? पाच मिनिटांत मंदिराचा सगळा इतिहास बसत नाही, म्हणून गावाजवळचा एक धागा धरा. समर्थांनी चाफळला राममंदिर उभारले, त्यांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी बहे आणि शिराळा इथले मारुती आपल्याच जिल्ह्यात आहेत. तेवढे सांगून आपल्या गावच्या उत्सवावर यावे.

नावे घेताना कोणती चूक सर्वांत महागात पडते?

हयात माणसाला ‘वैकुंठवासी’ म्हणणे. हसू नका, हे घडते, आणि ते निवेदकाच्या वाईट हेतूने नव्हे तर यादीमुळे घडते. अन्नदात्यांच्या यादीत ‘वै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ आणि ‘ह.भ.प. अमुक’ एकाखाली एक लिहिलेले असतात. ओळ चुकली की झाले. उलटही होते : गेल्या साली वारलेल्या आजोबांना जुन्या यादीवरून सत्कारासाठी बोलावले जाते आणि समोर त्यांची सून बसलेली असते.

म्हणून स्मरणार्थ असलेली नावे वेगळ्या कागदावर, लाल शाईने लिहा आणि ती वाचायची वेळही वेगळी ठेवा. प्रत्येक नावापुढे, पुढे येणारा कोण, म्हणजे मुलगा, सून की नातू, ते लिहून घ्या. ‘वै.’, ‘ह.भ.प.’, ‘गु.’ ही अक्षरे कागदावर ठीक आहेत, तोंडाने पूर्ण शब्द म्हणा. आडनाव किंवा गावाचे नाव वाचता येत नसेल तर ज्याचे आहे त्यालाच सकाळी विचारा.

मानाच्या क्रमाबद्दल एकच : आरतीचा पहिला मान, पालखीचा मान, पाळण्याच्या दोरीचा मान हे गावाने ठरवलेले असतात. निवेदकाने तिथे स्वतःची कल्पना चालवू नये. पुजारी आणि मानकरी यांच्याकडून क्रम लिहून घ्यावा आणि तसाच वाचावा.

वक्ता थांबतच नसेल तर काय करायचे?

टप्प्याटप्प्याने जा. वेळ संपायला दोन मिनिटे असताना चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘२ मिनिटे’ एवढेच, विनंती वगैरे काही नाही. वक्त्याला चालू भाषणात वाचता आले पाहिजे. वेळ संपली की आपल्या जागेवरून उठून त्याच्या उजव्या हाताला, दोन पावले मागे, हात जोडून उभे राहा. श्रोत्यांना हे दिसते आणि ते चुळबुळ करू लागतात. वक्ता ती चुळबुळ ओळखतो.

तरीही थांबले नाहीत, तर वाक्य संपून श्वास घेतला जातो त्या फटीत भजनी मंडळाने गजर उचलायचा : ‘पुंडलिक वरदा हरि विठ्ठल’. देवाच्या गजराला कुणी आडवे येत नाही. वक्त्याचाही मान राहतो, कारण गजरात तोही हात वर करतो. यासाठी टाळकऱ्यांपैकी एकाला आधी सांगून ठेवायचे आणि खूण ठरवायची, उदाहरणार्थ तुम्ही उपरणे खांद्यावर नीट केले की गजर. लगेच माइकवर या आणि त्यांच्या शेवटच्या मुद्द्यातले एक वाक्य घेऊन पुढे चला : ‘मुलांनी हरिपाठाला यावे, हे महाराजांचे सांगणे आपण मनावर घेऊ. आता विनंती करतो...’

घंटी वाजवू नका. वक्तृत्व स्पर्धेत ती शोभते, देवळात घंटीचा अर्थ वेगळा आहे.

हा उपाय एका कार्यक्रमात एकदाच चालतो. दुसऱ्यांदा गजर उचलला की लोकांना कळते आणि मग त्यात अपमान दिसू लागतो. म्हणून गजर सर्वांत लांबणाऱ्या वक्त्यासाठी राखून ठेवा. गावात तो कोण, हे सांगावे लागत नाही.

मोठे पाहुणे कीर्तन चालू असताना आले तर?

हे बहुतेक होतेच, कारण त्या दिवशी पाहुण्यांना पाच गावे करायची असतात. ९.४३ नंतर कुणीही आले तरी कीर्तन थांबणार नाही, सत्कार पाळण्यानंतर होईल, असे आदल्या रात्रीच कमिटीत ठरवा. ठरवले म्हणजे काम संपले असे नाही. मंडपाच्या दारात अध्यक्षांनी स्वतः उभे राहायला हवे. पाहुणे आले की त्यांना पुढच्या रांगेत श्रोत्यांत बसवायचे, बुक्का लावायचा. निवेदकाने तेव्हा जागचे हलू नये. तुम्ही माइकच्या दिशेने दोन पावले टाकलीत तरी महाराजांची लय तुटते.

पाहुण्यांना लगेच निघायचे असेल तर देवळाच्या गाभाऱ्यापाशी पुजाऱ्यांच्या हस्ते श्रीफळ द्यावे आणि ‘येऊन गेले’ असा उल्लेख बारानंतर करावा : ‘आज सकाळी अमुक यांनी येऊन रामरायाचे दर्शन घेतले, त्यांचे गावाच्या वतीने स्वागत.’ बहुतेकांना एवढे पुरते. न पुरणाऱ्यासाठी शे-पाचशे माणसांचे कीर्तन थांबवणे योग्य नाही, आणि वारकरी मंडळीही ते खपवून घेत नाहीत.

कीर्तनकारांना वेळ कशी सांगायची?

चिठ्ठी देऊन तर मुळीच नाही. गादीवर उभ्या माणसाला भाषण करणाऱ्यासारखे वागवायचे नसते. जे ठरवायचे ते सकाळी चहाच्या वेळी ठरवा. दोनच प्रश्न विचारा : ‘महाराज, जन्माचे आख्यान साधारण किती वाजता घ्याल?’ आणि ‘पाळणा आपण म्हणणार की बायका?’ बहुतेक जण साडेअकराच्या सुमारास आख्यानाला लागतात. तोवर निरूपणाचा अभंग सोडवून होतो.

गादीच्या समोर, महाराजांच्या नजरेच्या रेषेत, एक मोठे भिंतीवरचे घड्याळ टांगा. ते आणि तुमचा मोबाइल यांची वेळ सकाळी जुळवून घ्या. देवळातले जुने घड्याळ पाच मिनिटे पुढे असते आणि गाभाऱ्यातले पुजारी त्याच्याकडे बघून पडदा सरकवतात. बाहेर महाराज अजून कौसल्येच्या महालात असताना आत घंटा वाजू लागते. त्यामुळे पडदा कुणाच्या खुणेने सरकायचा हेही ठरवा. माझ्या मते ती खूण विणेकऱ्याने द्यावी, कारण महाराज आणि गाभारा दोन्ही त्याला दिसतात.

११.५० ला महाराज अजून आख्यानाला लागले नसतील, तर विणेकऱ्यामार्फत किंवा मुख्य गायकामार्फत सुचवा. गायकाने रामाच्या अभंगाची चाल धरली की महाराज समजतात.

जन्माच्या आधीची दहा मिनिटे निवेदकाने काय बोलायचे?

काहीच नाही. सगळ्या सूचना ९.४३ ते ९.५० या वेळात, महाराजांच्या परिचयाआधी देऊन टाकायच्या :

‘कीर्तन सुरू झाल्यावर माइकवरून कोणतीही सूचना होणार नाही, म्हणून आताच ऐकावे. पावणेबाराला कार्यकर्ते फुले आणि गुलाल वाटतील. गुलाल वर उधळावा, कुणाच्या डोळ्यांवर टाकू नये. लहान मुलांना पुढे आणू नये. पाळण्याची दोरी ओढायला माता-भगिनींनी उजव्या बाजूने रांगेने यावे. सुंठवडा जागेवर मिळेल, कुणी उठू नये.’

‘सुंठवडा जागेवर मिळेल’ हे विसरलात तर बारा वाजून एक मिनिटाने सगळा मंडप गाभाऱ्याकडे धावतो.

अपवाद एकच : मूल हरवले किंवा कुणाला उन्हाने भोवळ आली. तेव्हाही माइक घ्यायचा नाही. विणेकऱ्याच्या कानात सांगा, तो अभंगाच्या चरणानंतर महाराजांना सांगेल आणि घोषणा महाराजच करतील.

ऐनवेळी लाइट गेली तर?

जनरेटर असला तरी तो चालू व्हायला मिनिट-दोन मिनिटे जातात. बॅटरीवर चालणारा एक छोटा स्पीकर गादीमागे भरून ठेवा. तोही नसेल तर टाळ-पखवाज पुरेसे आहेत. आवाज गेल्यावर निवेदकाने ओरडून ‘शांत राहा’ म्हणायची गरज नाही, टाळकऱ्यांनी नामाचा गजर मोठा करावा.

रात्रीच्या कीर्तनालाही हेच नियम का?

तिथे बाराऐवजी दहाची रेघ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासन वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही सवलत रात्री बारापर्यंत वाढवू शकते. तुमचा दिवस त्यात आहे का, हे पोलीस ठाण्यात परवाना घेतानाच विचारा. नसेल तर ‘हेचि दान’, आरती आणि पसायदान धरून कीर्तन ९.५० ला आवरते घेतले पाहिजे. म्हणजे ते ७.४५ ला उभे राहायला हवे, आणि त्याआधी सत्कार ठेवूच नयेत. पहाटेची काकडआरती सहाच्या आत असेल तर ती विनाध्वनिक्षेपकच होईल.

जन्मानंतर आभार आणि पंगतीची घोषणा कोणत्या क्रमाने?

आभार आधीच, ९.४३ च्या आत उरकलेले असतात, म्हणून बारानंतर पुन्हा आभाराचे भाषण नको. पाळणा, आरती, सुंठवडा एवढे झाल्यावर, राहिलेला एखादा सत्कार असेल तर तो दोन मिनिटांत घ्या आणि मग पंगतीची सूचना द्या. इथे वाक्ये तुटक आणि स्पष्ट हवीत, कारण लोक उठलेले असतात, मुले रडत असतात :

‘महाप्रसाद शाळेच्या पटांगणात आहे. पहिली पंगत बाहेरगावच्या पाहुण्यांची, वृद्धांची आणि लहान मुले असलेल्या मातांची. गावातल्या तरुणांनी वाढपाला यावे. टाळकरी आणि महाराजांची पंगत देवळाच्या ओवरीत आहे. उद्या सकाळी दहा वाजता काल्याचे कीर्तन. बोला पुंडलिक वरदा...’

ही सूचना दोनदा द्या, मधे अर्धा मिनिट थांबून. पहिल्यांदा निम्म्यांनाच ऐकू गेलेली असते. माइक बंद करायच्या आधी साउंडवाल्याला काल्याची वेळ लिहून द्या, आणि टाळकऱ्यांची पंगत वाढली की नाही ते ओवरीत जाऊन बघा.